S₃ चं तीन बिंदूंवरचं रिप्रेझेंटेशन फोडताना उत्तर का चुकतं, आणि चूक नेमकी कुठे आहे हे कसं ओळखायचं

रविवारी सकाळी माझ्याकडे एम.एस्सी.ची तीन मुलं ग्रुप थिअरी करायला येतात. घर तलावपाळीपासून चालत पाच मिनिटांवर आहे. एकजण ठाण्यातलाच, एक मुलगी वाशीहून आणि एकजण पनवेलहून ट्रान्स-हार्बरने येतो. दरवर्षी मुलं बदलतात, पण एक प्रश्न असा आहे की त्यात अडखळण्याच्या जागा बदलत नाहीत. प्रश्न एका ओळीचा आहे. S₃ हा ग्रुप तीन बिंदूंची जागा बदलतो, त्यातून जे परम्युटेशन रिप्रेझेंटेशन तयार होतं त्याची इर्रिड्युसिबल कॅरेक्टरमध्ये फोड करा. उत्तर एक ट्रिव्हियल अधिक एक स्टँडर्ड. ते सगळ्यांना पाठ असतं. हाताने काढायला बसलं की मात्र कुणाचं २/३ येतं, कुणाचं ५/६, तर कुणाचं उणे एक. सगळ्यात वाईट चूक वेगळीच आहे. तिच्यात उत्तर बरोबर येतं आणि तरी कोष्टक चुकलेलं असतं. या वेळी वाशीच्या मुलीच्या वहीत नेमकं तेच झालं होतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी बरोबर हिशेब समोर ठेवू. S₃ मध्ये ६ घटक आहेत आणि ते तीन कॉन्जुगसी क्लासमध्ये पडतात: आयडेंटिटी १, दोन बिंदूंची अदलाबदल करणारे ३ आणि तिघांना गोल फिरवणारी ३-सायकल २. रकाने याच क्रमाने ठेवले तर कोष्टक असं दिसतं:

| | आयडेंटिटी (१) | अदलाबदल (३) | ३-सायकल (२) |
|---|---|---|---|
| ट्रिव्हियल | १ | १ | १ |
| साइन | १ | −१ | १ |
| स्टँडर्ड | २ | ० | −१ |
| π | ३ | १ | ० |

खालची π म्हणजे आपलं परम्युटेशन कॅरेक्टर. त्याची किंमत काढायची तर मॅट्रिक्स लिहावी लागत नाही, किती बिंदू जागेवर राहिले ते मोजायचं. आयडेंटिटीत तिन्ही राहतात, अदलाबदलीत एकच राहतो, गोल फिरवल्यावर एकही राहत नाही. म्हणून ३, १, ०. मग प्रत्येक ओळीशी π चा इनर प्रॉडक्ट: प्रत्येक रकान्यात दोन किमतींचा गुणाकार, त्याला क्लासच्या आकाराने गुणायचं, तिन्हींची बेरीज आणि शेवटी ६ ने भागाकार.

ट्रिव्हियल: (१×३×१ + ३×१×१ + २×०×१)/६ = ६/६ = १
साइन: (१×३×१ + ३×१×(−१) + २×०×१)/६ = ०/६ = ०
स्टँडर्ड: (१×३×२ + ३×१×० + २×०×(−१))/६ = ६/६ = १

आता आकडे कसे बिघडतात ते पाहू.

सर्वात जास्त वेळा दिसणारा आकडा २/३. ट्रिव्हियलसमोर २/३, साइनसमोर १/३, स्टँडर्डसमोर १ असं त्रिकूट आलं असेल तर क्लासचे आकार गुणायचे राहिलेत. (३ + १ + ०)/६, (३ − १ + ०)/६ आणि (६ + ० + ०)/६ असा हिशेब झालेला असतो. अपूर्णांक दिसल्याबरोबर काहीतरी चुकलं हे कळतंच, कारण एखादं रिप्रेझेंटेशन दोन तृतीयांश वेळा येऊ शकत नाही. पण बरीच मुलं इथे एका गोष्टीने फसतात. ती डायमेन्शनचा पडताळा घेतात: २/३×१ + १/३×१ + १×२ = ३. बरोबर तीन! मग वाटतं की पद्धत ठीक आहे, कुठेतरी साधी आकडेमोड चुकली असेल, आणि अर्धा तास तीच बेरीज पुन्हा पुन्हा होते.

हा पडताळा जमणं योगायोग नाही. क्लासचे आकार विसरून काढलेले गुणक घेऊन कॅरेक्टर परत जुळवलं, तर प्रत्येक क्लासवर मूळ किमतीला त्या क्लासच्या आकाराने भागलेली किंमत मिळते. कोष्टकाचे रकाने एकमेकांना ऑर्थोगोनल असतात, त्याचा हा परिणाम. आयडेंटिटीचा क्लास एकाचाच आहे, म्हणून तिथे काही बिघडत नाही आणि डायमेन्शन हे आयडेंटिटीवरचीच किंमत असल्याने ते नेहमी जुळतं. अदलाबदलीच्या रकान्यात परत जुळवून पाहा: २/३ − १/३ + ० = १/३. यायला हवं होतं १. म्हणजे तिप्पट कमी, आणि विसरलेलं वजनही ३ च आहे. चूक स्वतःचा पत्ता सांगते, फक्त पहिल्या रकान्यापाशी न थांबता दुसऱ्याकडे बघावं लागतं.

याचं एक भावंड आहे. क्लासचे आकार घेतले, पण बिंदू तीन म्हणून भागाकार ३ ने केला. तेव्हा २, ०, २ येतं. पूर्णांक आहेत, ऋण नाहीत, त्यामुळे शंका येत नाही. इथे मात्र डायमेन्शन लगेच पकडतं: २×१ + २×२ = ६, आणि आपली जागा तर तीनच डायमेन्शनची. भागायचं ते ग्रुपच्या घटकांच्या संख्येने. बिंदू किती आहेत त्याचा त्या भागाकाराशी संबंध नाही.

५/६ आलं तर मी वही न बघताच विचारते, “कोष्टक कुठून उतरवलंस?” केमिस्ट्रीच्या पुस्तकांत हाच ग्रुप C₃ᵥ या नावाने येतो आणि तिथे रकान्यांचा क्रम वेगळा असतो: आधी आयडेंटिटी, मग २C₃, मग ३σᵥ. म्हणजे ३-सायकल दुसऱ्या रकान्यात आणि अदलाबदल तिसऱ्यात. π मात्र आपल्या सवयीने ३, १, ० अशी लिहिली की त्यातल्या १ या आकड्याला २ चं वजन लागतं आणि ट्रिव्हियल (३ + २ + ०)/६ = ५/६ येतं. त्या क्रमात π ३, ०, १ अशी लिहायला हवी. क्रम कोणताही चालतो, पण π आणि कोष्टक दोन्ही एकाच क्रमात हवेत. पनवेलच्या मुलाचं बी.एस्सी. केमिस्ट्रीतलं, त्याला हे चटकन पटलं. अमोनियाच्या तीन हायड्रोजनचे 1s ऑर्बिटल त्याने A₁ + E असे फोडलेले होते, आणि आपण इथे करतोय ते तेच आहे. A₁ म्हणजे ट्रिव्हियल, E म्हणजे स्टँडर्ड.

स्टँडर्डसमोर उणे एक आलं असेल तर मोजणी उलटी झाली आहे. जागेवर राहिलेल्यांऐवजी हललेले बिंदू मोजले की ०, २, ३ मिळतं. त्याचा हिशेब केला तर ट्रिव्हियल (० + ६ + ६)/६ = २, साइन (० − ६ + ६)/६ = ०, स्टँडर्ड (० + ० − ६)/६ = −१. हललेले म्हणजे तीनातून न हललेले वजा, म्हणजे तीन ट्रिव्हियलमधून π वजा. π मध्ये एक ट्रिव्हियल आणि एक स्टँडर्ड आहे, म्हणून उरतात दोन ट्रिव्हियल आणि उणे एक स्टँडर्ड. आकडेमोड अगदी चोख झालेली असते, फक्त भलत्याच फलनाची. अशा मुलाला “पुन्हा बेरीज कर” म्हणणं चुकीचं, त्याची बेरीज बरोबरच आहे. π च्या ओळीत ६, ०, ० घेऊन १, ०, १ ऐवजी १, १, २ काढणारेही भेटतात. त्यांनी तीन बिंदूंऐवजी ग्रुपच्या सहा घटकांवरची क्रिया घेतलेली असते, म्हणजे रेग्युलर रिप्रेझेंटेशन. आयडेंटिटीच्या रकान्यात किती आकडा आहे एवढं पाहिलं तरी तो गोंधळ सुटतो.

आता वाशीच्या मुलीची वही. तिचे गुणक १, ०, १. डायमेन्शन १ + २ = ३. तिने π चा स्वतःशी इनर प्रॉडक्टही काढला होता: (१×९ + ३×१ + २×०)/६ = १२/६ = २, आणि गुणकांच्या वर्गांची बेरीजही १ + ० + १ = २. सगळं जुळलेलं. तरी मला तिच्या कोष्टकात स्टँडर्डची ओळ २, ०, १ दिसली. शेवटचा आकडा −१ हवा.

“मॅडम, पण उत्तर तर तेच आलं,” ती म्हणाली. खरंच आलं होतं, आणि का आलं ते समजून घ्यायला हवं. ३-सायकलवर π ची किंमत ० आहे. त्यामुळे तिसऱ्या रकान्यात स्टँडर्डसमोर काहीही लिहा, उणे एक लिहा, एक लिहा, सतरा लिहा, गुणाकार शून्यच होतो. या एका प्रश्नाला त्या आकड्याचा पत्ताच लागत नाही. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे तिने ओळीची लांबीही तपासली होती: (१×४ + ३×० + २×१)/६ = ६/६ = १. इर्रिड्युसिबल कॅरेक्टरचा स्वतःशी इनर प्रॉडक्ट १ असतो हे तिला ठाऊक होतं, तोही आला. वर्ग केल्यावर −१ आणि १ सारखेच. म्हणजे चार पडताळे घेतले आणि चारही या चिन्हाला आंधळे निघाले.

मी तिला एवढंच सांगितलं, “आता मिळालेल्या ओळी बेरीज करून π परत तयार कर, तिन्ही रकान्यांत.” ट्रिव्हियल १, १, १ आणि तिची स्टँडर्ड २, ०, १. बेरीज ३, १, २. तिसऱ्या रकान्यात ० हवा तिथे २. ती थोडा वेळ वहीकडे बघत राहिली आणि मग स्वतःच म्हणाली, “ट्रिव्हियलशी इनर प्रॉडक्ट घेतलाच नाही मी.” घेतला असता तर (२ + ० + २)/६ = २/३ आला असता. वेगवेगळ्या दोन ओळींचा इनर प्रॉडक्ट शून्य यायला हवा, त्यामुळे तिथेच पकडलं गेलं असतं. आणखी सोपं हवं असेल तर पहिला आणि तिसरा रकाना उभे गुणायचे: १×१ + १×१ + २×क्ष = ०, म्हणून क्ष = −१. दोन सेकंदांचं काम आहे.

पण −१ चं १ झालं कुठे? हे शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही, कारण चिन्हाची चूक सहसा वरच्या पायरीतून खाली येते. तिने ओळ पाठांतरातून लिहिली नव्हती, मॅट्रिक्स काढून ट्रेस घेतला होता, आणि ते चांगलंच होतं. बेरीज शून्य असलेल्या व्हेक्टरांची जागा, तिचे दोन बेसिस व्हेक्टर u = e₁ − e₂ आणि v = e₂ − e₃. सायकल (१ २ ३) म्हणजे १ जातो २ कडे, २ जातो ३ कडे, ३ परत १ कडे. मग u होतो e₂ − e₃, म्हणजे v. आणि v होतो e₃ − e₁. तिने इथे e₁ − e₃ लिहिलं होतं, घाईत, “एक आणि तीनचा फरक” असं मनात धरून. e₁ − e₃ = u + v, म्हणून तिच्या मॅट्रिक्सचा दुसरा स्तंभ १, १ झाला आणि ट्रेस ० + १ = १. बरोबर आहे ते e₃ − e₁ = −u − v. स्तंभ −१, −१ आणि ट्रेस ० − १ = −१.

इथे थांबून चुकलेलं मॅट्रिक्स तपासायची एक पद्धत आहे, ती कोष्टकावर अजिबात अवलंबून नाही. गोल तीनदा फिरवलं की सगळे मूळ जागी येतात, म्हणून ३-सायकलच्या मॅट्रिक्सचा घन आयडेंटिटी यायलाच हवा. तिच्या मॅट्रिक्सचे स्तंभ (०, १) आणि (१, १). त्याचा घन केला तर स्तंभ (१, २) आणि (२, ३) येतात. फिबोनाचीचे आकडे वाढत चाललेत, आयडेंटिटी कधीच येणार नाही. मॅट्रिक्स न लिहिताही हे कळतं. ज्याचा घन आयडेंटिटी आहे त्याच्या आयगेन व्हॅल्यू १ ची घनमुळं असतात: १, ω, ω². त्यातल्या दोनांची बेरीज वास्तव यायची तर १ + १ = २ किंवा ω + ω² = −१, एवढेच पर्याय. १ हा आकडा तिथे बसूच शकत नाही. म्हणून आता मी मुलांना सांगते की स्टँडर्डच्या शेवटच्या रकान्यात + १ दिसला की कोष्टक न वाचता खोडा.

अदलाबदलीचंही लगे हात पाहून घ्यावं. (१ २) ने u होतो −u, v होतो e₁ − e₃ = u + v. ट्रेस −१ + १ = ०. इथे e₁ − e₃ खरंच येतं, आणि मला वाटतं तिच्या हाताला तीच सवय लागली होती.

ठाण्याच्या मुलाचा प्रश्न वेगळा होता. “३-सायकलने ω आणि ω² असे दोन वेगळे भाग दिसतात, मग स्टँडर्ड आणखी का फुटत नाही? ट्रिव्हियल अधिक दोन एकेक डायमेन्शनचे का नाहीत?” प्रश्न रास्त आहे. फक्त फिरवणाऱ्या तीन घटकांचा, म्हणजे A₃ चा विचार केला तर ते फुटतंच. (१, ω, ω²) आणि (१, ω², ω) या दोन रेषा तिथे स्वतंत्र आहेत. पण S₃ मध्ये अदलाबदलीही आहेत. दुसऱ्या आणि तिसऱ्या जागेची अदलाबदल केली की पहिली रेषा दुसरीवर जाते. दोघी एकमेकींत बदलत राहतात, एकटी कुणी टिकत नाही. आणि या तीन डायमेन्शनच्या जागेत साइनसुद्धा लपलेलं नाही हे हातानेच दाखवता येतं. साइनचा व्हेक्टर (a, b, c) असता तर (१ २) ने त्याचं चिन्ह बदललं असतं: (b, a, c) = (−a, −b, −c). म्हणून c = ० आणि b = −a. (२ ३) लावलं की तसंच a = ०. मग काहीच उरत नाही. इनर प्रॉडक्टमधला तो ० हेच सांगत होता.

शेवटी फोड प्रत्यक्ष आकड्यांवर करून पाहिली. टेबलावर ठाणेकराच्या पुढ्यात ५ वह्या होत्या, बाकी दोघांच्या पुढ्यात २-२. व्हेक्टर (५, २, २), सरासरी ३. म्हणून (५, २, २) = (३, ३, ३) + (२, −१, −१). पहिला तुकडा कुणीही कुठेही बसलं तरी तसाच राहतो, तो ट्रिव्हियल. दुसऱ्याची बेरीज शून्य, तो स्टँडर्डमधला. खुर्च्या बदलल्या की (−१, २, −१) होईल, पण बेरीज शून्यच राहील.

याच ठिकाणी एक मर्यादा दिसते आणि ती सांगितली नाही तर पुढच्या सत्रात पुन्हा नवा घोळ होतो. सरासरी काढताना आपण ३ ने भागलं. आकडे वास्तव किंवा कॉम्प्लेक्स असतील तर चिंता नाही. पण एखाद्या प्रश्नात आकडे ३ च्या मोड्युलोने घेतलेले असतील तर तिथे ३ म्हणजे ०, भागाकार करता येत नाही. (१, १, १) ची बेरीजही तिथे शून्य होते, म्हणजे ट्रिव्हियलची रेषा बेरीज-शून्य असलेल्या जागेच्याच पोटात जाऊन बसते. दोन तुकडे वेगळे करताच येत नाहीत आणि वरचा इनर प्रॉडक्टचा हिशेब तिथे लागू पडत नाही, कारण त्यात ६ ने भागायचं असतं. वाशीच्या मुलीने लगेच ५ च्या मोड्युलोने काय होईल ते विचारलं. तिथे ३ ला उलटा आहे: ३×२ = ६, म्हणजे १. म्हणून ३ ने भागणं म्हणजे २ ने गुणणं. तिने (५, २, २) घेतलं, ५ चं ० झालं, बेरीज ४, दुप्पट ८ म्हणजे ३. पुन्हा (३, ३, ३) च आलं, आणि उरलेला तुकडा (२, ४, ४), ज्याची बेरीज १०, म्हणजे ०.